जर्मनीहून आलेले ट्रेनिंगचे निमंत्रणपत्र : त्यात काय असावे, खर्च कोण भरणार आणि परतीचे काय

आमच्या नात्यातल्या एका लूमवाल्या घराने मध्यंतरी साध्या पॉवरलूम काढून जर्मनीहून आठ रेपियर लूम मागवल्या. नव्या मशीनवर सगळा कारभार इलेक्ट्रॉनिक. ताण्याचे टेन्शन, बाण्याचा रंग बदलणे, डिझाईन चढवणे हे सगळे पडद्यावरून करायचे. मशीन विकणारी कंपनी म्हणाली, तुमच्याकडचा एक माणूस दोन आठवडे आमच्याकडे पाठवा, त्याला शिकवून परत पाठवतो. घरातला धाकटा मुलगा मेंटेनन्स बघतो, त्याचे नाव दिले. कंपनीचे पत्र ईमेलने आले, चार ओळींचे. “श्री. अमुक यांना आम्ही आमच्या कंपनीत ट्रेनिंगसाठी बोलावत आहोत. सर्व खर्च आमचा. कृपया व्हिसा द्यावा.” घरात सगळे खूश. मोठ्या कंपनीचे लेटरहेड, खाली सही, अजून काय पाहिजे?

व्हिसा नाकारला गेला. छापील फॉर्मवर दोन ठिकाणी खूण होती. एक, प्रवासाचा उद्देश आणि मुक्कामाच्या अटी पुरेशा सिद्ध झाल्या नाहीत. दुसरी, मुदत संपण्याआधी अर्जदार परत जाईल याबद्दल वाजवी शंका आहे. कागद घेऊन मंडळी आमच्याकडे आली, कारण शाळेत पत्रे लिहून देण्याचे काम आमच्या गळ्यात आधीपासूनच आहे. तेव्हा आम्ही हे सगळे नियम वाचून काढले आणि दुसरे पत्र कसे असावे याचा मसुदा कंपनीला पाठवला. दुसऱ्या वेळी व्हिसा मिळाला. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीकडे बाहेरची मशिनरी घेणारी घरे बरीच आहेत, त्यांना उपयोग होईल म्हणून ही माहिती लिहीत आहोत. ती जर्मनीपुरती आणि नव्वद दिवसांच्या आतल्या मुक्कामापुरती समजावी.

“ट्रेनिंग” हा एकटा शब्द अडचणीचा

पहिल्या पत्रातली मोठी चूक कुणाच्याच लक्षात आली नव्हती. जर्मनीत ट्रेनिंग म्हटले की अधिकाऱ्याच्या डोळ्यासमोर आधी तिथले व्यवसाय-शिक्षण येते. तरुण मुलगा कंपनीत शिकाऊ म्हणून राहतो, काम करतो आणि शिकतो. त्यासाठी वेगळा, लांब मुदतीचा व्हिसा लागतो. पंचविशीतला मुलगा, “दोन आठवडे कंपनीत ट्रेनिंग”, आणि बाकी काहीच नाही, असे पत्र पाहिले की प्रश्न उभा राहतो : हा गिऱ्हाईक म्हणून येतोय की कामगार म्हणून?

खरे म्हणजे गिऱ्हाइकासाठी जर्मन कायद्यात स्पष्ट सोय आहे. तिथल्या रोजगार नियमावलीचे कलम १९ सांगते की, परदेशातल्या मालकाने आपला माणूस बारा महिन्यांत जास्तीत जास्त नव्वद दिवसांसाठी पाठवला आणि तो विकत घेतलेली मशीन ताब्यात घ्यायला किंवा ती कशी चालवायची हे समजून घ्यायला आला, तर त्याला तिथल्या रोजगार खात्याची मंजुरी लागत नाही. आपले प्रकरण नेमके हेच आहे. फक्त पत्रात ते दिसले पाहिजे. म्हणजे मशीन विकत घेतली आहे, कोणी घेतली आहे, आणि येणारा माणूस त्या घेणाऱ्याचाच आहे, या तीन गोष्टी.

म्हणून पत्रात ऑर्डरचा नंबर आणि तारीख हवी, मशीनचा प्रकार आणि संख्या हवी, आणि इन्व्हॉइसची प्रत सोबत हवी. “ट्रेनिंग” हा शब्द काढायचे कारण नाही, पण त्याला जोडून लिहावे : “खरेदी केलेल्या मशीनच्या वापराचे व देखभालीचे प्रशिक्षण.” त्याच परिच्छेदात आणखी एक वाक्य : या काळात पाहुणा कंपनीच्या उत्पादनात कोणतेही काम करणार नाही आणि त्याला पगार किंवा मानधन दिले जाणार नाही. हे वाक्य साधे आहे, पण अधिकाऱ्याच्या मनातला मूळ प्रश्न त्यानेच मिटतो.

दिवसवार कार्यक्रम जोडला तर फारच चांगले. आमच्या प्रकरणात कंपनीने अर्ध्या पानाचा तक्ता दिला. पहिले दोन दिवस मशीनची रचना आणि सुरक्षितता, पुढचे तीन दिवस कंट्रोल पॅनल, दुसऱ्या आठवड्यात बिघाड शोधणे आणि सुटे भाग बदलणे, शेवटच्या दिवशी चाचणी आणि प्रमाणपत्र. हे शिकायला बारा दिवस का लागतात, ते तक्ता पाहूनच कळते. एरवी दोन दिवसांच्या कामाला महिनाभराचा व्हिसा मागितला तर शंका येणारच.

खर्च : “सर्व खर्च आमचा” हे वाक्य कुठे अडते

ऐकायला हे वाक्य छान वाटते. पण व्हिसाच्या अर्जात एक रकाना असतो : प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च कोण करणार, अर्जदार स्वतः की बोलावणारी संस्था? आमच्या पोराने सवयीने “स्वतः” वर खूण केली होती, कारण विमानाचे तिकीट घरच्या फर्मने काढायचे ठरले होते. पत्रात मात्र सर्व खर्च कंपनीचा. दोन कागद दोन गोष्टी सांगू लागले. यात कुणी खोटे बोलत नव्हते, पण वाचणाऱ्याला ते कसे कळणार?

खर्च वाटून घेतला जातो, हेच बहुतेक वेळा खरे असते. मशीन विकणारा प्रशिक्षणाचे पैसे घेत नाही, हॉटेल आणि तिथला रोजचा प्रवास तो बघतो. विमानाचे तिकीट, विमा आणि व्हिसाची फी खरेदीदार भरतो. मग तसेच एकेक बाब सुटी करून लिहावे : प्रशिक्षण फी, हॉटेल, जेवण, स्थानिक प्रवास, विमानाचे तिकीट, विमा, आणि प्रत्येकापुढे कोण भरणार ते. अर्जातही दोन्हीकडे खूण करता येते. तिथे दिलेल्या पर्यायांत राहण्याची सोय आधीच झाली आहे, मुक्कामातला सगळा खर्च दिला जाणार आहे, असे पर्याय असतात. पत्राशी जुळतील तेच भरावेत.

जेवणाबद्दल एक व्यावहारिक गोष्ट. कंपनी बऱ्याचदा “आमच्या कँटीनमध्ये जेवण” असे लिहून मोकळी होते. आपल्या मुलाला तिथे काय खाता येईल आणि काय नाही, हे आधीच विचारून घ्यावे. त्याऐवजी रोजचा भत्ता ठरवून घेतला तर तो आपले आपण बघू शकतो. भत्ता ठरला तर रक्कमही पत्रात लिहायला सांगावे, आणि तो “जेवणाचा भत्ता” आहे असे स्पष्ट असावे, नाहीतर कुणाला तो मानधन वाटायचा.

आता साधे पत्र आणि जर्मनीतले औपचारिक हमीपत्र यांतला फरक. कंपनीने लेटरहेडवर “खर्च आम्ही करू” लिहिले, तर ते तिचे निवेदन झाले. हमीपत्र ही वेगळी चीज. जर्मनीच्या निवास कायद्यातल्या कलम ६६ ते ६८ खाली ते देतात. बोलावणारा तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात स्वतः जातो, आपली ऐपत दाखवतो, २९ युरो फी भरतो आणि छापील कागदावर सही करतो. त्यानंतर पाहुण्याच्या राहण्याखाण्यावर, आजारपणावर किंवा त्याला परत पाठवण्यावर सरकारचे पैसे खर्च झाले, तर ते त्या सही करणाऱ्याकडून वसूल होऊ शकतात. ही जबाबदारी पाच वर्षांपर्यंत टिकते. मूळ कागद भारतात मागवून अर्जाला जोडावा लागतो, फोटोकॉपी चालत नाही.

एवढे बंधन मोठे असते, म्हणून कंपन्या हमीपत्र द्यायला मागेपुढे पाहतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. गिऱ्हाइकाच्या फर्मचे कागद भक्कम असतील, म्हणजे बँकेचा तीन महिन्यांचा उतारा, आयकर रिटर्न, जीएसटी नोंदणी, तर खर्चाचा खुलासा असलेल्या साध्या पत्रावर बरेचदा काम होते. आमच्याकडेही तसेच झाले. अर्जदाराची स्वतःची बाजू कच्ची असेल, खात्यात काही नसेल, तर हमीपत्राचा आग्रह धरावा. आणि कंपनीने सगळा खर्च उचलला म्हणून आपला बँक उतारा द्यायचा नाही, असे करू नये. तो पैसा दाखवण्यासाठी मागतात तसा आपले इथले व्यवहार चालू आहेत हे पाहण्यासाठीही मागतात.

विमा हा एकच खर्च असा आहे की तिथे घासाघीस नाही. किमान ३०,००० युरोचे संरक्षण, सगळ्या शेंगेन देशांत चालणारे, आणि मुक्कामाचा प्रत्येक दिवस झाकणारे. व्हिसाची फी मोठ्या माणसासाठी ९० युरो आहे, अर्ज केंद्राचा सेवा आकार वेगळा. ही फी व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाही. पहिल्या चुकीची किंमत आमच्या नातेवाईकांनी अशीच मोजली.

परत येणार हे कोणाच्या तोंडून

“आम्ही खात्री देतो की पाहुणा मुदतीत परत जाईल.” असे वाक्य कंपनीच्या पत्रात असते आणि असायला हरकत नाही. पण सरळ विचार करा. जर्मनीतल्या विक्री खात्याचा माणूस मालेगावच्या मुलाबद्दल ही खात्री कशाच्या जोरावर देणार? तो एवढेच सांगू शकतो की प्रशिक्षण अमुक तारखेला संपते, हॉटेल अमुक तारखेपर्यंत आहे, आणि त्यानंतर आमच्याकडे त्याचे काही काम नाही. त्याने तेवढेच लिहावे, ते जास्त खरे वाटते.

परतीचा खरा पुरावा आपल्या बाजूने जायला हवा. आपल्या फर्मच्या लेटरहेडवर दुसरे पत्र लिहावे. त्यात मुलगा फर्ममध्ये काय करतो, कधीपासून, पगार किंवा भागीदारी किती, किती दिवसांसाठी पाठवत आहोत, आणि परत येऊन कोणत्या तारखेला कामावर रुजू होणार. कलम १९ ची सोयही “परदेशातल्या मालकाने पाठवलेला” माणूस असेल तरच आहे, म्हणून हे पत्र दोन कामे करते. आपल्या घरगुती फर्मांत नेमकी इथे अडचण येते. मुलगा दहा वर्षे कारखान्यात राबत असतो, पण कागदावर कुठेच नसतो. पगार हातात, खात्यात काही नाही. मग परदेशी अधिकाऱ्याच्या लेखी तो बेकार तरुण ठरतो. निदान सहा महिने आधीपासून त्याचा पगार बँकेतून द्यायला लागा, किंवा भागीदारी पत्रात नाव असेल तर ते जोडा.

आमच्या प्रकरणात सगळ्यात कामी आला तो एक साधा मुद्दा. आठ लूम तीन आठवड्यांनी मालेगावला पोचणार होत्या आणि त्या बसवायला कंपनीचाच माणूस येणार होता. प्रशिक्षण घेतलेला मुलगा त्याच्यासोबत उभा राहणार. म्हणजे तो परत आला नाही तर बापाचे कोटीचे मशीन बंद पडून राहणार. हे कारण कुठलीही शपथ न घेता सगळे सांगते. ते दोन्ही पत्रांत आले, मशीन बसवण्याच्या तारखेसकट.

नाव आणि तारखा

पहिल्या अर्जात आणखी एक गोंधळ होता. कंपनीने आधी दिलेल्या तारखा रमजानमध्ये येत होत्या. घरच्यांनी विनंती करून ईदनंतरच्या घेतल्या. कंपनीने पत्र बदलून दिले, पण हॉटेलचे बुकिंग आणि विमा जुन्याच तारखांचे राहिले. अर्ज भरणाऱ्या एजंटने ते पाहिले नाही. पत्र, कार्यक्रमाचा तक्ता, हॉटेल, तिकिटाचे आरक्षण, विमा, आपल्या फर्मचे पत्र आणि अर्ज हे सात कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवून तारखा बोट लावून वाचाव्यात. आम्ही मुलांची वही तपासतो तसे.

नावाचेही तसेच. आपल्याकडे एकाच माणसाचे नाव ईमेलमध्ये Mohd, आधारवर Mohammad आणि पासपोर्टवर Mohammed असते, Shaikh आणि Sheikh चा घोळ वेगळाच. कुणाच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा आणि सगळे नाव एकाच ओळीत. जर्मन कंपनी ईमेलमधल्या सहीवरून नाव उचलते. तिला पासपोर्टच्या पहिल्या पानाची स्कॅन प्रत पाठवा आणि सांगा, अक्षर न अक्षर असेच लिहा. पासपोर्ट नंबर आणि जन्मतारीखही पत्रात घालायला सांगा. पासपोर्ट मागच्या दहा वर्षांतला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन कोरी पाने असलेला लागतो.

अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी करता येतो. निकालाला नियमाने पंधरा दिवस असतात, आणि चौकशी लागली तर पंचेचाळीसपर्यंत जाऊ शकतात. म्हणून दोन महिने हाताशी ठेवलेले बरे.

पत्राचा नमुना

पत्र इंग्रजीत किंवा जर्मनमध्ये जाईल. आम्ही कंपनीला पाठवलेल्या मसुद्याचा मराठी मजकूर, नावे आणि तारखा बदलून, असा :

> प्रति, व्हिसा विभाग, जर्मन वाणिज्य दूतावास, मुंबई.
>
> विषय : खरेदी केलेल्या मशीनच्या प्रशिक्षणासाठी ग्राहकाच्या प्रतिनिधीस निमंत्रण.
>
> आमच्या कंपनीने मालेगाव, महाराष्ट्र येथील (फर्मचे नाव) यांना ऑर्डर क्रमांक ..., दिनांक ... नुसार आठ रेपियर लूम विकल्या आहेत. इन्व्हॉइसची प्रत सोबत आहे. मशीनचा वापर व देखभाल शिकण्यासाठी त्यांचे मेंटेनन्स प्रमुख (पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक) यांना आम्ही सोमवार ८ जून ते शुक्रवार १९ जून २०२६ या काळात आमच्या (पूर्ण पत्ता) येथील कारखान्यात निमंत्रित करत आहोत. दिवसवार कार्यक्रम जोडला आहे.
>
> प्रशिक्षण खरेदी कराराचा भाग आहे. या काळात ते आमच्या उत्पादनात काम करणार नाहीत व त्यांना पगार किंवा मानधन दिले जाणार नाही.
>
> प्रशिक्षण, ७ ते २० जूनपर्यंतचे हॉटेल, जेवणाचा रोजचा ... युरो भत्ता आणि स्थानिक प्रवास यांचा खर्च आमची कंपनी करील. मुंबईहून येण्याजाण्याचे विमानभाडे, विमा आणि व्हिसा फी त्यांची फर्म भरेल.
>
> ते २० जून रोजी भारतात परतण्यासाठी निघतील. मशीन बसवण्याचे काम ६ जुलै रोजी मालेगाव येथे आमच्या तंत्रज्ञाच्या उपस्थितीत सुरू होईल व त्यात त्यांची आवश्यकता आहे.
>
> चौकशीसाठी : (नाव, हुद्दा, थेट फोन, ईमेल). सही, कंपनीचा नोंदणी क्रमांक.

शेवटच्या ओळीतला थेट फोन महत्त्वाचा. दूतावासातून कंपनीला फोन जाऊ शकतो. स्वागतकक्षातल्या बाईने “असे कोणी येणार असल्याचे माहीत नाही” म्हटले तर चांगले पत्रही पडते. सही करणाऱ्याला अर्जाची तारीख कळवून ठेवा.

आमच्याकडे “पत्र मिळवून देतो, पन्नास हजार” म्हणणारे एजंट फिरतात. विकतचे पत्र ओळखणे सोपे आहे : त्यात ऑर्डर नंबर नसतो, कारण ऑर्डरच नसते. खोटा कागद पकडला गेला तर अर्ज नाकारला जातोच, शिवाय नकाराची नोंद शेंगेन देशांच्या सामाईक व्हिसा नोंदणीत पाच वर्षे राहते आणि पुढच्या प्रत्येक अर्जाला समोर येते.

नाकारले तर, आणि मिळाले तर

पूर्वी जर्मन दूतावासाकडे फेरविचाराचा अर्ज विनाशुल्क करता यायचा. १ जुलै २०२५ पासून ती सोय बंद झाली. आता एक तर बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात एका महिन्यात दावा करायचा, नाहीतर कागद सुधारून नव्याने अर्ज. बारा दिवसांच्या प्रशिक्षणासाठी कोर्टात जाणे आम्हाला तरी शहाणपणाचे वाटत नाही. नकाराच्या फॉर्मवर ज्या ओळीपुढे खूण असेल, तिचे उत्तर देणारा कागद नव्या अर्जात घालावा. जुना नकार लपवू नये, तो त्यांच्या पडद्यावर असतोच.

मिळाला तर स्टिकरवरच्या दोन गोष्टी लगेच वाचाव्यात. तारखांची खिडकी आणि दिवसांची संख्या या वेगळ्या असतात. खिडकी महिन्याची आणि दिवस चौदा असतील तर चौदाच दिवस राहता येते. आणि सगळी पत्रे हातातल्या बॅगेत ठेवावीत. व्हिसा असूनही विमानतळावरचा अधिकारी का आलात, कुठे राहणार, पैसे किती, असे विचारू शकतो. आमच्या पोराला फ्रँकफर्टला विचारलेच. त्याने दिवसवार तक्ता पुढे केला. अधिकाऱ्याने वरून खाली नजर फिरवली, लूम म्हणजे काय ते एकदा विचारले आणि शिक्का मारला.